पगारावरील उचल : मागणाऱ्याचे पत्र आणि देणाऱ्याचे उत्तर

मुदखेड हे नांदेडपासून जवळचे रेल्वे जंक्शनचे गाव. सकाळच्या गाडीने फुले नांदेडच्या बाजारात जातात, त्याच गाडीने विद्यार्थी व नोकरदार जातात, आणि घरात कोणी गंभीर आजारी पडले की रुग्णालाही नांदेडलाच न्यावे लागते. अशाच एका घराचा विचार करू. गावातील एका डाळ मिलमध्ये हिशेबाचे काम पाहणारा कारकून आहे. नोकरी नऊ वर्षांची, पगार १८,००० रुपये. जून महिन्याच्या मध्यावर त्याची सत्तरीची आई न्हाणीघरात घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. नांदेडचे डॉक्टर सांगतात की शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी. वयस्क माणूस अंथरुणाला खिळून राहिला, तर पाठीला जखमा होणे, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणे असे धोके दिवसागणिक वाढतात. एकूण खर्चाचा अंदाज ९०,००० रुपये आणि भरती होतानाच अनामत ५०,००० रुपये.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून तो मालकांना पत्र लिहितो. असे पत्र बहुधा पुढीलप्रमाणे असते : ‘शेठजी, माझ्यावर फार मोठे संकट कोसळले आहे. आई अत्यवस्थ आहे. आपल्याशिवाय मला कोणाचा आधार नाही. कृपा करून शक्य तेवढी मदत करावी. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.’

या पत्रातील प्रत्येक शब्द खरा आहे. तरीही त्यावर निर्णय घेणे कठीण आहे. ‘शक्य तेवढी’ म्हणजे किती? पाच हजार की पन्नास? ही मदत आहे की परत करावयाची रक्कम? परत करावयाची असेल तर केव्हापासून आणि कशी? पैसे उद्या हवेत की पुढच्या आठवड्यात? मालक सहृदय असले तरी या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते थांबतात, किंवा खिशातून दोन हजार काढून देतात आणि आपले कर्तव्य झाले असे समजतात. दोन्ही प्रसंगी शस्त्रक्रिया अडते. संकटाचे वर्णन कमी पडते असे नाही. पत्रात हिशेब नसतो, ही उणीव असते.

हा हिशेब दोन टोकांनी करावा लागतो. पहिले टोक रुग्णालयाचे. ९०,००० रुपयांपैकी कारकुनाची स्वतःची शिल्लक २५,००० रुपये आहे आणि धाकटा भाऊ २०,००० रुपये देतो. तूट राहते ४५,००० रुपयांची. बहुतेक लोक येथेच थांबतात आणि तुटीचा आकडा पत्रात लिहून मोकळे होतात.

दुसरे टोक घराचे आहे आणि मागणीचा खरा आकडा तेथून निघतो. १८,००० रुपयांतून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाता हातात १६,००० रुपये येतात. किराणा, घरभाडे, मुलांची शाळा, वीज आणि प्रवास यांना दरमहा १२,००० रुपये लागतात; पत्नीच्या बचत गटाचा हप्ता १,००० रुपये. उरतात ३,००० रुपये. याचा अर्थ असा, की दरमहा ३,००० रुपयांपेक्षा अधिक कपात या घराला सोसवणार नाही. वर्षभरात, म्हणजे १२ हप्त्यांत, फेडता येईल अशी रक्कम ३६,००० रुपये होते. मालकांकडे मागावयाचा आकडा हाच. उरलेल्या ९,००० रुपयांसाठी दुसरा मार्ग शोधला पाहिजे.

वर्षभराची मर्यादा का, असा प्रश्न पडेल. हप्ते त्याहून लांबले, तर मध्येच दुसरी अडचण उभी राहते, पहिली उचल फिटण्यापूर्वी दुसरी घ्यावी लागते आणि मग खाते कधीच मिटत नाही. उलट, लवकर फेडण्याच्या उत्साहात ‘दरमहा ८,००० रुपये कापा’ असे लिहून दिले, तर १३,००० रुपयांच्या घरखर्चासाठी हातात ८,००० उरतात. दुसऱ्याच महिन्यात पाच हजारांचा खड्डा पडतो आणि तो भरण्यासाठी माणूस गावातील खासगी सावकाराकडे जातो. दरमहा शेकडा ३ रुपये व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के. मालकाची बिनव्याजी रक्कम घाईने फेडण्यासाठी सावकाराची महागडी रक्कम घेतली, असा तो व्यवहार होतो. ज्या घराची गरज तीन लाखांची आहे आणि पगार अठरा हजारांचा, त्या घराचा प्रश्न पगारावरील उचलीने सुटणार नाही, हेही याच हिशेबातून वेळीच कळते.

म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी इतर दारे ठोठावून पाहावीत आणि त्यांचे उत्तर पत्रात नमूद करावे. पहिले दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत नांदेड होते. आज तिचे संरक्षण प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत असून पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांचाही तीत समावेश झाला आहे. योजनेच्या यादीतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन प्रथम त्याला भेटावे. मात्र प्रत्येक रुग्णालय यादीत नसते आणि प्रत्येक उपचारही नसतो. आपल्या कारकुनाला यादीतील रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख आठ दिवसांनंतरची मिळत होती आणि डॉक्टर थांबू नका म्हणत होते, असे समजू.

दुसरे दार भविष्य निर्वाह निधीचे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सभासदाला स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या उपचाराकरिता निधीतून रक्कम काढता येते; अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. ही रक्कम परत भरावी लागत नाही, पण म्हातारपणाच्या शिदोरीतून ती कायमची कमी होते, म्हणून गरजेपुरतीच काढावी. ती मिळण्यास काही दिवस जातात. अनामत भरण्यास तिचा उपयोग नाही, शेवटचे बिल भागवण्यास आहे. आपल्या उदाहरणातील ९,००० रुपये तेथून येऊ शकतात.

आणखी एक गोष्ट घाईत सुटते, ती रजेची. आईजवळ आठ दिवस राहावे लागले आणि रजा शिल्लक नसली, तर बिनपगारी रजेमुळे जूनचा पगारच ४,८०० रुपयांनी घटेल. त्याच महिन्यात पहिला हप्ताही कापला गेला, तर घरात साडेआठ हजारांच्या आसपासच पैसे येतील आणि औषधे, चालण्याची काठी, ड्रेसिंग यांचा खर्च तर त्याच वेळी उभा असेल. तेव्हा पहिला हप्ता एक पूर्ण महिना सोडून सुरू व्हावा, अशी विनंती पत्रातच हवी. कपात सुरू झाल्यावर ती मागणे अवघड जाते.

एवढा विचार झाल्यावर पत्र एका पानात मावते :

‘प्रति,
माननीय शेठजी,
डाळ मिल, मुदखेड.

विषय : आईच्या शस्त्रक्रियेसाठी पगारावर ३६,००० रुपये आगाऊ मिळणेबाबत.

सविनय नमस्कार.

मी आपल्या मिलमध्ये गेली नऊ वर्षे हिशेब विभागात काम करीत आहे. माझी आई काल घरी पडली असून तिच्या खुब्याचे हाड मोडले आहे. नांदेड येथे तिच्यावर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला आहे. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे.

एकूण खर्च ९०,००० रुपये असून त्यापैकी ५०,००० रुपये उद्या दुपारपर्यंत भरावयाचे आहेत. माझ्याकडे २५,००० रुपये आहेत व भावाकडून २०,००० रुपये मिळत आहेत. ९,००० रुपयांसाठी भविष्य निर्वाह निधीकडे अर्ज करीत आहे. जन आरोग्य योजनेची चौकशी केली; परंतु त्या रुग्णालयात आठ दिवसांनंतरची तारीख मिळत आहे आणि तेवढे थांबणे धोक्याचे आहे.

म्हणून मला ३६,००० रुपये पगारावर आगाऊ द्यावेत, ही विनंती. ही रक्कम ऑगस्टच्या पगारापासून पुढील वर्षाच्या जुलैच्या पगारापर्यंत, दरमहा ३,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत माझ्या पगारातून कापून घेण्यास माझी संमती आहे. आईजवळ राहण्यासाठी आठ दिवसांची रजाही मंजूर व्हावी. या काळात रोजकीर्द माझे सहकारी लिहितील. महिन्याअखेरचा मेळ मी स्वतः येऊन घालीन.

संपूर्ण रक्कम देणे शक्य नसल्यास किती देता येईल ते आजच कळवावे, म्हणजे उरलेल्या रकमेची तजवीज करता येईल.

आपला विश्वासू,
(नाव, सही, दिनांक)
सोबत : खर्चाचे अंदाजपत्रक, भरतीची पावती.’

या पत्रात याचना नाही, तरीही नम्रता पुरेशी आहे. शेवटची ओळ विशेष महत्त्वाची. नकार मिळण्याची शक्यता लिहिणाऱ्याने मान्य केली आहे आणि नकारही लवकर मिळावा असे म्हटले आहे. मालकांना अर्धी रक्कम देण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहतो आणि मागणाऱ्याचा दिवस वाया जात नाही. वैद्यकीय तपशील गरजेपुरतेच आहेत. अहवालांची चळत जोडलेली नाही. खर्चाचे अंदाजपत्रक मात्र अवश्य हवे. सरकारी व्यवहारातही रुग्णालयाच्या अंदाजावरच अशी रक्कम दिली जाते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बहुतेक सर्व बिनव्याजी आगाऊ रकमा बंद केल्या, पण ज्या थोड्या चालू ठेवल्या त्यांत वैद्यकीय उपचारासाठीची आगाऊ रक्कम होती. सायकल, पंखा, सण यांच्यासाठीची उचल गेली, आजारपणाची राहिली.

आता पत्र ज्यांच्या टेबलावर येते, त्यांच्या बाजूने पाहू. मराठवाड्यात ‘उचल’ हा शब्द उच्चारताच ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर येतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, रक्कम उचलायची आणि ऊस तोडून ती फेडायची. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. पैसे देणे हा या व्यवहाराचा दोष नाही. पैशाच्या बदल्यात माणसाचे काम सोडण्याचे स्वातंत्र्य गहाण पडते, हा दोष आहे. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ने अशाच करारांवर बंदी घातली. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात दुसरीकडे काम करण्याचा हक्क सोडावा लागत असेल, तर तो वेठबिगारीचा करार ठरू शकतो आणि तसे ठरल्यास ते कर्ज फेडण्याचे बंधनच संपुष्टात येते.

म्हणून ‘रक्कम फिटेपर्यंत नोकरी सोडणार नाही’ अशी ओळ कर्मचाऱ्याकडून लिहून घेण्याची सवय मालकांनी टाकून द्यावी. ती सुरक्षितता देत नाही, उलट अडचणीत आणते. कोरा सही केलेला धनादेश, एटीएम कार्ड किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे हाही त्याच जातीचा व्यवहार. नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम शेवटच्या हिशेबातील पगारातून कायद्याच्या मर्यादेत वळती होईल आणि बाकी राहिल्यास कर्मचारी ती ठरलेल्या हप्त्यांनी भरील, एवढे लिहिणे पुरेसे व रास्त आहे. भविष्य निर्वाह निधीत मालकाने हात घालू नये. त्या रकमेला मालकाच्या येण्यापासून कायद्याचे संरक्षण आहे.

कपातीलाही मर्यादा आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात आगाऊ रकमेची वसुली ही मान्य कपात होती. परंतु सर्व कपाती मिळून सामान्यतः वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत, असे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हे निम्म्याचे बंधन आहे. आपल्या उदाहरणात १,८००, २०० आणि ३,००० मिळून कपात ५,००० रुपये, म्हणजे १८,००० च्या सुमारे २८ टक्के होते. कायद्याची मर्यादा येथून बरीच दूर आहे, पण कायदा घराचा किराणा मोजत नाही. खरी मर्यादा कारकुनाने स्वतः काढलेल्या ३,००० रुपयांचीच आहे आणि मालकांनी तीच मानावी.

रक्कम देताना ती बँक खात्यातून द्यावी. २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम कर्जाऊ रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे; तेव्हा ३६,००० रुपयांची नोटांची गड्डी हातावर ठेवण्याचा मोह दोघांनीही टाळावा. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरले तरी चालते. मात्र मंजुरीपत्रात ती कर्मचाऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम असल्याचे लिहावे. हिशेबाच्या वह्यांत ती ‘कर्मचाऱ्यांकडून येणे’ या खात्यात नावे टाकावी. पुष्कळ छोट्या पेढ्यांत अशी रक्कम थेट पगार खर्चात जाते. मग ऑगस्टमध्ये पूर्ण पगार पुन्हा खर्ची पडतो, कापलेला हप्ता कोठे जमा करावा हे कोणाला कळत नाही आणि वर्षअखेरीस किती फिटले यावरून नऊ वर्षांच्या संबंधात कटुता येते. दरमहाच्या पगारपत्रकावर ‘उचल ३६,००० – फेडले ९,००० – बाकी २७,०००’ अशी एक ओळ छापली, की तो वाद उद्भवतच नाही.

उत्तर लेखी आणि त्याच दिवशी द्यावे. ते चार ओळींचे असले तरी चालेल : किती रक्कम मंजूर झाली, व्याज आहे की नाही, हप्ता किती व केव्हापासून, रजा किती दिवसांची. देणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ‘पाहू’ या शब्दात नकार दडलेला असतो आणि तो उमगेपर्यंत अनामत भरण्याची दुपार निघून जाते.

या उदाहरणातील मालक ३६,००० न देता ३०,००० रुपये मंजूर करतात, असे समजू. कारकुनाच्या हातात ७५,००० रुपये होतात. अनामत वेळेवर भरली जाते आणि शस्त्रक्रिया होते. उरलेल्या १५,००० साठी निधीच्या अर्जातील आकडा तो त्याच संध्याकाळी ९,००० वरून वाढवून भरतो. नेमके किती कमी पडणार हे दुपारीच कळल्यामुळे ते जमते. हप्ते दहाच होतात आणि मे महिन्याच्या पगारपत्रकावर बाकीच्या रकान्यात शून्य येते. तोवर आई काठी टेकत अंगणापर्यंत जाऊ लागलेली असते.